लिप ब्लश करून घ्यावं की रोजची लिपस्टिकच बरी? ओठांच्या कडा काळपट आहेत

मृण्मयी_सांगली | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी ३६ वर्षांची, बँकेत कॅश काउंटरवर बसते. गेल्या तीनेक वर्षांत माझ्या ओठांच्या कडा काळपट तपकिरी झाल्या आहेत, वरच्या ओठाला जास्त. मधला भाग पूर्वीसारखाच आहे. त्यामुळे लिपस्टिक न लावता कामावर जाणं मी बंदच केलंय. सकाळी लावते, डब्यानंतर पुन्हा लावते, संध्याकाळी कडेला रेघ उरते आणि मधलं सगळं गेलेलं असतं.

इथल्या एका पार्लरमध्ये ओठांत मशीनच्या सुईने रंग भरून देतात, त्यालाच लिप ब्लश म्हणतात. दोन सिटिंगचे सोळा हजार सांगितले. "पाच वर्षं लिपस्टिकला हात लावायला नको, कडा पूर्ण झाकल्या जातील" असं तिथल्या ताई म्हणाल्या. त्यांनी कार्डावरचा गुलाबी रंग दाखवला, तो मला खूप आवडला. भावाचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय, म्हणून ते याच आठवड्यात करू म्हणतात.

नवरा म्हणतो, करायचं तर कर, पण आधी कुणाला तरी विचार. म्हणून इथे विचारते. कुणी केलं असेल तर रंग किती टिकला, एकसारखा राहिला का, आणि दुखतं किती, हे मोकळेपणाने सांगा.

---

स्वप्ना७७ | सोमवार, रात्री १०.०५

मृण्मयी, बिनधास्त कर. माझ्या नणंदेने केलंय, छान दिसतं. हा काही हातावरच्या टॅटूसारखा प्रकार नाही, सेमी परमनंट असतो. आवडला नाही तरी दोन वर्षांत आपोआप पूर्ण निघून जातो. आणि रोजच्या लिपस्टिकमध्ये शिसं असतं, ते पोटात जातं. त्यापेक्षा एकदा रंग भरून घेतलेला केव्हाही सुरक्षित.

---

बापू_जोशी | सोमवार, रात्री १०.३२

मुली, ओठ काळे पडले असतील तर साजूक तूप लाव रात्री. आमच्याकडे सगळे तेच करायचे. सुया कशाला टोचून घ्यायच्या?

माझ्या आईच्या हनुवटीवर आणि कपाळावर गोंदण होतं. तिच्या लहानपणी जत्रेत गोंदलेलं. ती सांगायची की गोंदलं तेव्हा काळं कुळकुळीत होतं. मी पाहिलं ते हिरवट निळं. शेवटपर्यंत ते गेलं नाही, फक्त पसरट होत गेलं. दोन वर्षांत निघून जाणारं गोंदण मी तरी पाहिलेलं नाही.

---

केतकी_न | सोमवार, रात्री ११.१८

मृण्मयी, कृपया या आठवड्यात करू नकोस. माझं झालंय ते सविस्तर लिहिते, थोडं लांबेल.

माझे ओठ मुळात गडद, जांभळट तपकिरी. २०२२ च्या जानेवारीत एका ठिकाणी करून घेतलं. कार्डावरचा गुलाबी मीही बोट ठेवून निवडला होता. बधिर करणारं क्रीम लावलं, दोन तास काम चाललं. पहिल्या दिवशी ओठ सुजले, रंग भडक गुलाबी, मी खूश. दुसऱ्या दिवशी सूज आणखी वाढली, तिसऱ्या दिवसापासून पापुद्रे निघायला लागले. जेवताना एक पापुद्रा लोंबत होता, तो मी ओढून काढला. त्या जागी, डाव्या बाजूला खालच्या ओठावर, आजही फिकट ठिपका आहे. दहाव्या दिवशी तर रंग जवळजवळ दिसेनासाच झाला. तिथे फोन केला तर म्हणाले, थांबा, परत वर येतो. आला, पण पाचव्या आठवड्यात आला तो गुलाबी नव्हता. वांग्याच्या सालीसारखा जांभळट राखाडी.

दुसऱ्या सिटिंगला त्यांनी त्यावर तोच गुलाबी परत भरला आणि ओठ भरलेले दिसावेत म्हणून कड मूळ रेषेच्या जराशी बाहेर काढली. एका वर्षाने मधला भाग उतरला आणि बाहेर काढलेली कड तशीच राहिली. म्हणजे लिपस्टिक पुसल्यावर कडेला जी रेघ उरते म्हणतेस ना, तीच आता कायमची, आणि राखाडी.

मग दुसऱ्या पार्लरमध्ये गेले. त्यांनी त्या बाहेरच्या रेघेवर त्वचेच्या रंगाचं पीच पिगमेंट भरलं, झाकायला. सहा महिने बरं दिसलं, नंतर तिथे मळकट पट्टा दिसायला लागला. शेवटी २०२४ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे लेझरसाठी गेले. त्यांनी सगळीकडे न मारता आधी कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर करून बघितलं. पीच भरलेला तो ठिपका तिथल्या तिथे काळा पडला. डॉक्टरांना ही शक्यता माहीत होती, म्हणूनच एवढ्याशा जागेवर केलं म्हणाले.

आता मी रोज लिपस्टिक लावते, आणि आधीपेक्षा जाड लावते, कारण झाकायला जास्त आहे.

---

स्वप्ना७७ | सोमवार, रात्री ११.३१

बापरे केतकी. नणंदेचं दीडच वर्ष झालंय, आणि तिचे ओठ मुळात गुलाबीच आहेत. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

---

रंगरेषा_ठाणे | मंगळवार, सकाळी ७.५०

मी हेच काम करते, ठाण्यात, नऊ वर्षं. भुवया जास्त, ओठ त्याखालोखाल. केतकीचं वाचून वाईट वाटलं. असे ओठ दुरुस्तीला माझ्याकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना मला परत पाठवावं लागतं.

केतकीचा गुलाबी जांभळा का झाला ते आधी सांगते, कारण मृण्मयीचा निर्णय त्यावरच आहे. लिपस्टिक ओठाच्या वर बसते आणि खालचा रंग झाकते. आम्ही भरतो तो रंग त्वचेच्या आत जातो, तुमचा स्वतःचा रंग त्याच्या आसपास आणि वर तसाच राहतो. म्हणजे काचेतून बघितल्यासारखं, दोन्ही रंग एकत्र दिसतात. जांभळट तपकिरी ओठात थंड गुलाबी घातला तर बेरीज जांभळट राखाडीच येणार. कार्डावरचा रंग पांढऱ्या कागदावरचा असतो, आपले ओठ पांढरा कागद नाहीत.

गडद ओठांना पहिल्या सिटिंगला गुलाबी भरायचाच नसतो. आधी केशरी किंवा गाजरी छटा भरतात, कारण केशरी निळ्या जांभळ्याला मारतो. त्या दिवशी ते गाजरासारखं दिसतं, बाई आरसा बघून घाबरते. मग सहा ते आठ आठवडे थांबायचं. जे उरेल ते बघून ठरवायचं की अजून एकदा केशरी हवा की आता हवा तो रंग भरायचा. खूप गडद ओठांना तीन सिटिंग लागतात, आणि तीननंतरही ओठ गुलाबी होत नाहीत. कोमट, विटकरीकडे झुकणारे, जरा उजळ होतात. ज्यांना एवढं पुरतं त्यांनीच करावं.

बापूकाकांच्या आईच्या गोंदणाचं उदाहरण अगदी बरोबर आहे. काळा रंग खोल गेला की त्वचेतून निळसर दिसतो. ओठाची त्वचा फार पातळ असते, सुई एक मिलिमीटरही आत जायची गरज नसते. हात जड असला की रंग खोल जातो, निळसर दिसतो, शिवाय पसरतो. हात फार हलका असला तर पापुद्र्याबरोबर निघून जातो. एकाच ओठावर दोन्ही झालं तर ठिपके ठिपके दिसतात. आणि रक्त जास्त आलं की ते रंग बाहेर ढकलतं, म्हणून "रक्त आलं म्हणजे रंग नीट बसतोय" असं कुणी म्हणालं तर उठून या.

स्वप्नाताई, पूर्ण निघून जातं हे मात्र खरं नाही. दीड ते तीन वर्षांत फिकट होतं, उन्हात फिरणाऱ्यांचं लवकर. पण फिकट होणं म्हणजे निघून जाणं नाही. मिश्रणातले सगळे रंग एका वेगाने उतरत नाहीत, काही आधी जातात आणि उरलेल्याची छटा बदलते. सेमी परमनंट हा धंद्यातला शब्द आहे, मी तो माझ्या कार्डावरून काढून टाकला.

---

निखिल_मेडिकल | मंगळवार, सकाळी ९.१५

माझं कोल्हापुरात औषधांचं दुकान आहे. रंगाचं मला कळत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

मृण्मयीताई, ताप आला की किंवा ऊन लागलं की तुमच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या पुळ्या येतात का? वर्षातून एकदा जरी येत असतील तरी तो हर्पिसचा विषाणू आहे आणि तो मज्जातंतूत झोपून असतो. ओठाला शेकडो सुया टोचल्या की तो उठतो. मग पुळ्या रंग भरलेल्या जागीच येतात, आणि जिथे खपली धरते तिथला रंग जातो. म्हणून डॉक्टर आधीपासूनच असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करतात. किती गोळ्या, कधीपासून, हे डॉक्टरच ठरवणार. पार्लरच्या चिठ्ठीवर मी देत नाही, कुणी देऊ नये.

दुसरं, बधिर करणारं क्रीम. ऑनलाइन जी क्रीम मिळतात त्यांच्यावर लिडोकेन किती टक्के ते कधी लिहिलेलं नसतं, कधी लिहिलेलं खरं नसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या मार्चमध्ये अशा क्रीमबद्दल इशारा दिला होता. तिथे डॉक्टरांशिवाय विकायच्या क्रीमला चार टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्यांना त्याहून कितीतरी जास्त असलेली सापडली. ओठ म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं, त्यात सुईने जागा उघडी झालेली, आणि थोडं पोटातही जातं. दोन दोन तास परत परत थापलं तर डोकं गरगरतं, कानात आवाज येतात, आणि फारच जास्त गेलं तर हृदयावर परिणाम होतो.

शिशाचं म्हणाल तर, आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी शिशाची मर्यादा दशलक्षात वीस भाग आहे. अमेरिकेत सरकारनेच चारशे लिपस्टिक तपासल्या होत्या, सर्वांत जास्त निघालं ते दशलक्षात सात भागांच्या जरासं वर, सरासरी एकच्या आसपास. तेव्हा बिल असलेली, कंपनीचा पत्ता असलेली लिपस्टिक घ्या, एवढं पुरे. पण पुसून टाकता येणाऱ्या वस्तूला घाबरून त्वचेच्या आत घालायची वस्तू सुरक्षित म्हणणं मला पटत नाही.

---

मृण्मयी_सांगली | मंगळवार, दुपारी १.२०

डब्याच्या सुट्टीत वाचतेय. केतकी, एवढं सगळं लिहिलंस, खरंच आभार.

निखिलदादा, पुळ्या येतात. गेल्या मे महिन्यात आल्या होत्या, दरवर्षी उन्हाळ्यात एकदा तरी येतात. पार्लरमध्ये मला हे कुणी विचारलंच नाही.

रंगरेषाताई, म्हणजे लग्नाच्या आत दोन्ही सिटिंग होणारच नाहीत का?

---

रंगरेषा_ठाणे | मंगळवार, दुपारी २.०५

नाही होणार. हिशोब मांडून बघ. आज केलं तर दोन दिवस सूज. तिसऱ्या ते सहाव्या सातव्या दिवसापर्यंत पापुद्रे. दहाव्या दिवसाच्या आसपास रंग गायब झाल्यासारखा. खरा रंग चार ते सहा आठवड्यांनी वर येतो. म्हणजे लग्नात तू नेमकी अशा टप्प्यावर असशील जिथे रंग काय आहे तेच कळत नाही. दुसरं सिटिंग त्याआधी केलं तर न भरलेल्या जखमेवर परत जखम. आपल्या गव्हाळ सावळ्या ओठांचा गुण असा की जखम झाली की ती जागा स्वतःच काळी पडते. उजळायला गेलो आणि आणखी काळे झाले, हे त्यातूनच होतं. पिगमेंट कितीही चांगलं असलं तरी हे टळत नाही.

पाच आठवड्यांत दोन सिटिंग बसवते म्हणणारी व्यक्ती एक तर हे जाणत नाही, किंवा जाणून सांगत नाही.

---

वैशाली_अहिल्यानगर | मंगळवार, दुपारी ४.४४

सगळे रंग कसा भरायचा त्याबद्दल बोलताय, पण कडा काळ्या का झाल्या हे कुणी विचारलं का? मृण्मयी, तीन वर्षांत झालं म्हणतेस. जन्मापासून नाही. तीन वर्षांपूर्वी काय बदललं?

माझं सांगते. मला आधी कुंकवाने कपाळावर काळा डाग पडला होता. कुंकू सोडून टिकली लावायला लागले. मग काही वर्षांनी ओठ. कडांपासून सुरू झालं, तुझ्यासारखंच. खाज फारशी नाही, लाली नाही, फक्त अधूनमधून चुरचुरायचं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, कुठली लिपस्टिक, कुठली टूथपेस्ट, कधीपासून. मग पाठीवर पॅच टेस्ट केली. छोट्या छोट्या चकत्यांत एकेक पदार्थ घालून पाठीला चिकटवतात, माझी स्वतःची लिपस्टिकही त्यात ठेवली होती. दोन दिवस अंघोळीला पाठ भिजवायची नाही. ४८ तासांनी काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी परत बघतात. माझ्या लिपस्टिकच्या चकतीखाली लाल, खाजरं उठलं होतं.

त्या प्रकारच्या ॲलर्जीत लाली न येता थेट काळपटपणाच येतो, आपल्याकडे हे बरंच दिसतं असं डॉक्टर म्हणाल्या. कधी लिपस्टिकमधला रंग, कधी त्यातलं एरंडेल, कधी सुगंध, कधी टूथपेस्टमधला पुदिन्याचा स्वाद. मी ती लिपस्टिक सोडली, टूथपेस्ट साधी केली, डॉक्टरांनी दिलेलं मलम काही आठवडे लावलं. आठ नऊ महिन्यांत ओठ बरेच निवळले. पूर्ण नाही, पण लिपस्टिकशिवाय बाहेर पडते.

मी तेव्हा त्यावर रंग भरून घेतला असता तर खाली ॲलर्जी चालूच राहिली असती, आणि काय झाकलंय हे डॉक्टरांनाही दिसलं नसतं.

---

मृण्मयी_सांगली | मंगळवार, रात्री ८.५०

वैशालीताई, तुमची पोस्ट वाचून मी ड्रॉवर उघडून बसले. तीन वर्षांपूर्वी कॅश काउंटरवर आले आणि दिवसभर टिकणारी लिक्विड मॅट लिपस्टिक घ्यायला लागले. आधी साधी कांडी वापरायचे, ती पण सणासुदीलाच. एकच शेड आवडली, तीच परत परत घेतली. आणि हो, काढताना ओठ चुरचुरतात. मला वाटायचं घासून काढल्यामुळे.

---

स्वप्ना७७ | मंगळवार, रात्री ९.१०

मग घासून काढल्यामुळेच असेल ना? माझेही चुरचुरतात, माझे ओठ काही काळे नाहीत.

---

वैशाली_अहिल्यानगर | मंगळवार, रात्री ९.२६

असेलही. रोज घासण्यानेही काळं पडतं. म्हणूनच टेस्ट करायची, इथे बसून कुणालाच ठरवता येणार नाही. काही औषधांनी, तंबाखूने, बी-१२ कमी असल्यानेही ओठ काळवंडतात. आणि कधी नुसती ठेवणच तशी असते.

---

समृद्धी_संभाजीनगर | मंगळवार, रात्री ११.०२

माझा प्रश्न वेगळा आहे, पण धागा ओठांच्या रंगाचा म्हणून लिहिते. मला खालच्या ओठावर कोड आहे, उजव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत पांढरा पट्टा. औषधांनी चेहऱ्यावरचे डाग भरले, ओठ नाही भरला. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते मला पटलं. त्वचेत रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळांतून, आणि ओठाला केसच नाहीत.

मग त्यांनी माझ्या ओठांवर मायक्रोपिगमेंटेशन केलं, म्हणजे तुम्ही बोलताय तेच, पण दवाखान्यात. त्याआधी एक वर्ष त्यांनी मला नुसतं थांबवलं होतं. दर तीन महिन्यांनी फोटो काढायचे. कुठेही नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, अशी खात्री झाल्यावरच सुई लावली. कोड वाढत असताना टोचलं तर टोचलेल्या जागीच नवं कोड येऊ शकतं. निखिलदादा म्हणतात त्या गोळ्याही आधीपासून दिल्या होत्या.

माझा रंग चांगला बसला. उरलेल्या ओठाशी जुळवायला त्यांनी तीन पिगमेंट मिसळली. आता दोन वर्षं झाली, कोपऱ्यात उतरलाय, मध्ये ठीक आहे. उन्हाळ्यात माझा स्वतःचा ओठ गडद होतो, भरलेला भाग होत नाही, तेव्हा फरक दिसतो. तरी मी परत करीन. माझ्या बाबतीत लिपस्टिक हा पर्यायच नव्हता. मी शाळेत शिकवते, पाणी प्यायलं की पट्टा उघडा पडायचा.

पण हे त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावं, पार्लरमध्ये नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

रंगरेषा_ठाणे | बुधवार, सकाळी ८.१२

समृद्धी, कोडाच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. मी कोडाचं काम घेत नाही. पण सरसकट पार्लर नको हे मला पटत नाही. डॉक्टरांना आजार कळतो, रंग जुळवणं आणि रेषा काढणं हे हाताचं काम आहे आणि ते रोज करणाऱ्याला जमतं. ज्यांचे ओठ निरोगी, फिकट आहेत आणि ज्यांना जरा रंग हवाय त्यांनी शिकलेल्या, जुनं काम दाखवणाऱ्या आर्टिस्टकडे करायला हरकत नाही. फोटो मागताना मात्र त्याच दिवसाचे नको, वर्षभरानंतरचे मागा. त्या दिवशी सगळ्यांचेच ओठ सुंदर दिसतात.

केतकीचा ठिपका लेझरने काळा का झाला तेही सांगते. पीच, स्किन, बेबी पिंक अशा फिकट छटांत पांढरा रंग मिसळलेला असतो, टायटॅनियम डायऑक्साइड. लेझरच्या झटक्याने त्याचं रसायन बदलतं आणि तो राखाडी काळा होतो. लोखंडाच्या गंजापासून केलेल्या तपकिरी लाल रंगांचंही तसंच होतं. म्हणून ओठाच्या बाहेर गेलेली रेघ त्वचेच्या रंगाने झाकायची नसते, कधीच नाही. जे चुकलंय ते दुप्पट अडकतं.

पिगमेंटबद्दल एकच. बाटली बघायला मागा, उघडल्याची तारीख, बॅच नंबर, शेवटची तारीख. युरोपात २०२२ च्या जानेवारीपासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आले, तेव्हापासून मी त्या नियमांत बसणारीच घेते. सुईची कार्ट्रिज तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे, आणि वाटीत उरलेला रंग तुमच्यासमोर फेकला गेला पाहिजे. उरलेला रंग बाटलीत परत ओतणारे मी पाहिलेत. त्यातून कावीळ बी आणि सी पसरू शकते.

---

केतकी_न | बुधवार, सकाळी ९.३०

रंगरेषाताई, माझ्या पीच पट्ट्याचं आता काय करता येईल? लेझर नाही, झाकणं नाही.

---

रंगरेषा_ठाणे | बुधवार, सकाळी ९.५८

खाऱ्या द्रावणाने रंग बाहेर ओढायची एक पद्धत आहे. सुईने तिथेच द्रावण घालतात, खपली धरते, तिच्याबरोबर थोडा थोडा रंग निघतो. चार पाच वेळा लागू शकतं, प्रत्येक वेळी दोन महिन्यांचं अंतर. पण ओठाच्या बाहेरची त्वचा आहे, व्रण किंवा नवा काळेपणा येणार नाही याची खात्री मी फोटो बघूनही देणार नाही. काही डॉक्टर म्हणतात की लेझरने काळं झालेलं पुढच्या लेझरने उतरतं. मी दोन जणींचं उतरलेलं पाहिलंय, एकीचं नाही. तुझ्या डॉक्टरांशी बोल, घाईने काही करू नकोस.

---

बापू_जोशी | बुधवार, सकाळी ११.२०

एक शंका. आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात गेल्या वर्षी एका मुलीला परत पाठवलं, हातावर नवा टॅटू होता म्हणून. हे ओठाचंही तसंच धरतात का?

---

निखिल_मेडिकल | बुधवार, दुपारी १२.०५

हो काका. टॅटू केल्यावर बारा महिने रक्त घेत नाहीत. ओठात सुईने रंग भरणं हाही टॅटूच आहे, विचारलं तर सांगावं. एमआरआय काढायचा असेल तेव्हाही तिथल्या माणसाला सांगावं. काही रंगांत लोहाचे कण असतात, क्वचित त्या जागी चटका किंवा सूज येते.

---

स्वप्ना७७ | बुधवार, दुपारी ३.४०

मी पैशांचा हिशोब केला. मृण्मयी, वर्षाला किती लिपस्टिक लागतात तुला?

---

मृण्मयी_सांगली | बुधवार, रात्री ९.०५

चार. साडेतीनशेची एक, म्हणजे वर्षाचे चौदाशे. सोळा हजारांत अकरा वर्षांच्या लिपस्टिक येतात. आणि रंगरेषाताई म्हणतात तसं दोन तीन वर्षांनी परत भरायचं तर ते वेगळं.

खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला सकाळी आरशासमोर उभं राहण्याचा कंटाळा आलाय. काउंटरवर समोरचा माणूस ओठांकडे बघतोय असं वाटत राहतं. म्हणून एकदाच काय ते करून टाकावं असं वाटत होतं.

पार्लरच्या ताईंना आज फोन करून नाही सांगितलं. त्यांनी आगाऊ घेतलेले दोन हजार लगेच परत देतो म्हणाल्या, आवाजात जरा नाराजी होती. त्यांना पुळ्यांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, त्याने काही होत नाही.

मिरजेत त्वचारोगतज्ज्ञांची शुक्रवारची वेळ मिळाली. लिपस्टिक आणि टूथपेस्ट दोन्ही घेऊन या म्हणाले. लग्नात काय लावू हा प्रश्न आहेच.

---

वैशाली_अहिल्यानगर | बुधवार, रात्री ९.३३

शुक्रवारपर्यंत ती मॅट लावू नकोस, साधं पेट्रोलियम जेली लाव. पॅच टेस्टच्या आधी पोटात कुठली स्टेरॉइडची किंवा ॲलर्जीची गोळी चालू असेल तर सांग डॉक्टरांना. लग्नासाठी म्हणशील तर टेस्टमध्ये जी लिपस्टिक चालतेय असं दिसेल ती लाव. दोन तीन वेगवेगळ्या शेड घेऊन जा टेस्टला, माझ्या डॉक्टरांनी सगळ्या एकदम लावल्या होत्या.

---

समृद्धी_संभाजीनगर | बुधवार, रात्री १०.१५

आणि काढताना घासू नकोस. खोबरेल लावून पाच मिनिटं ठेव, मग मऊ कापडाने टिपून घे.

---

मृण्मयी_सांगली | पुढच्या गुरुवारी, रात्री ८.२०

मंडळी, कळवते. शुक्रवारी फक्त तपासलं, टेस्ट सोमवारी पाठीवर चिकटवली, काल काढली. शेवटचं वाचन उद्या आहे. काल टूथपेस्टच्या चकतीखाली हलकीशी लाली होती, लिपस्टिकखाली काहीच नाही. टूथपेस्टने नुसती जळजळ होऊनही लाली येते, त्यामुळे उद्या बघून सांगते म्हणाल्या डॉक्टर.

मला वाटत होतं लिपस्टिकच निघेल. तीन वर्षांपूर्वी टूथपेस्टही बदलली होती का, ते आठवतेय. मुलगा तेव्हा पहिलीत होता, त्याला आवडते म्हणून घरात कुठलीतरी तिखट पुदिन्याची आली होती, पण ती नेमकी कधी आली ते नवऱ्यालाही आठवत नाही.

वैशालीताई, तुमच्या वेळी दोन्ही वाचनांत फरक पडला होता का?

---

वैशाली_अहिल्यानगर | गुरुवार, रात्री ९.०२

हो. पहिल्या दिवशी चार चकत्यांखाली लाली होती, त्यातल्या तीन दुसऱ्या वाचनाला मावळल्या. लिपस्टिकची तेवढी वाढली. उद्या कळव.